लॉबीत किती वाजले आहेत?

हॉटेलचं माहितीपत्रक उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लॉबी असते. मोठा फोटो आणि त्याखाली साठ-सत्तर शब्दांचा मजकूर. या मजकुरात बहुतेक वेळा संध्याकाळ असते, ऊन सोनेरी असतं, लॉबी आलिशान असते आणि तिथे परंपरा व आधुनिकतेचा संगम झालेला असतो. हेच वर्णन दुसऱ्या हॉटेलच्या फोटोखाली ठेवलं तरी काही बिघडत नाही. वर्णन फसलं आहे हे ओळखायला ही एक खूण पुरते.

असे मजकूर लिहिणं आणि दुसऱ्यांचे तपासणं हे माझं काम आहे. लॉबीच्या वर्णनात मूड कसा आणायचा, असं मला अनेकजण विचारतात. माझं मत ठाम आहे. मूड शब्दांनी आणता येत नाही. लॉबीत किती वाजले आहेत आणि त्या वेळी कोणत्या वस्तूवर कसा उजेड पडतो, एवढं खरं सांगितलं की मूड वाचकाच्या मनात आपोआप उमटतो. वेळ चुकली तर मात्र बाकीचं सगळं खोटं पडतं.

हे एका जागेवर तपासून पाहू. पणजीतल्या फोंताइन्हास भागात ओरेम खाडीच्या रस्त्याला लागून असलेलं जुनं दुमजली घर आता दहा-बारा खोल्यांचं हॉटेल झालं आहे, असं समजा. अशी घरं तिथे खरोखर आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, त्यावर पिवळा किंवा निळा रंग, मंगळुरी कौलांचं छप्पर. दारातून आत आलं की एकेकाळची बैठकीची खोली लागते आणि तीच आता लॉबी आहे. खोली साधारण पंचवीस फूट खोल, समोर लाकडी जिना, जमिनीवर नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, दोन्ही बाजूंना शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या.

मालकाने लिहून आणलेला पहिला मजकूर साधारण असा असतो: ‘आमच्या आलिशान लॉबीत पाऊल टाकताच काळ थांबल्यासारखा वाटतो. मावळतीच्या सोनेरी किरणांत न्हाऊन निघालेली ही वास्तू पोर्तुगीज वारसा आणि आधुनिक सुखसोयींचा अनोखा मिलाफ आहे. इथला प्रत्येक कोपरा एक कहाणी सांगतो.’

यातली मावळतीची किरणं आधी पाहू. फोंताइन्हासच्या पश्चिमेला आल्तिनोची टेकडी आहे आणि पूर्वेला ओरेम खाडी. खाडीकडे तोंड असलेल्या घराचं दार पूर्वेला उघडतं, पाठ टेकडीकडे असते. सूर्य टेकडीमागे जातो तेव्हा खऱ्या सूर्यास्ताला अजून वेळ असतो, पण रस्ता सावलीत गेलेला असतो. मावळतीची किरणं या लॉबीत येत नाहीत. येऊच शकत नाहीत. मजकूर वाचून संध्याकाळी साडेपाचला लॉबीत येऊन बसणारा पाहुणा त्या उन्हाची वाट पाहत राहील, आणि हॉटेलबद्दलचा त्याचा पहिला अनुभव कबूल केलेली गोष्ट न मिळाल्याचा असेल.

म्हणून लिहिण्याआधीचं पहिलं काम दिशा पाहण्याचं. मोबाइलमधलं होकायंत्र दारात उभं राहून उघडायचं आणि दार कुठे उघडतं, समोर काय आहे, मागे काय आहे हे टिपून घ्यायचं. समोर उंच इमारत असेल तर उन्हाचा हिशेब बदलतो. टेकडी असेल तर बदलतो. या घराच्या बाबतीत समोर खाडी आहे, म्हणजे पूर्व मोकळी आहे. तेव्हा या लॉबीची वेळ सकाळची.

सकाळ म्हणजे नेमकी किती वाजता? जानेवारीच्या मध्यात पणजीत सात-सव्वासातला सूर्य उगवतो. साडेआठला तो क्षितिजाच्या वर सुमारे 18 अंशांवर आलेला असतो. दाराची चौकट नऊ फूट उंच असेल आणि वर पुढे आलेला सज्जा नसेल, तर त्या वेळी ऊन खोलीत जवळजवळ पंचवीस फूट आत पोहोचतं, म्हणजे आपल्या लॉबीत थेट जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. दहा वाजता सूर्य 35 अंशांच्या वर गेलेला असतो आणि तेच ऊन जेमतेम नऊ-दहा फुटांवर येऊन थांबतं. दीड तासात पंधरा फुटांचा फरक. पुढे पाऊण वाजण्याच्या सुमाराला सूर्य माथ्यावरून पश्चिमेकडे कलतो आणि दर्शनी भिंत दिवसभरासाठी सावलीत जाते. पणजी भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरीच पश्चिमेला असल्यामुळे तिथली खरी माध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर येते. जानेवारीत ती जवळपास पाऊण वाजता असते.

हा हिशेब कागदावर करता येतो, पण लॉबीत बसून पाहिलेला जास्त पक्का. मी एकच काम सांगते: सकाळी आठ, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ अशा पाच वेळा त्याच खुर्चीत बसा आणि उन्हाची कड कुठल्या लादीवर आहे ते लिहा. ‘उजेड छान होता’ असं लिहू नका. ‘दारापासून तिसऱ्या ओळीतल्या लादीवर’ असं लिहा. पाच नोंदी झाल्या की मजकूर अर्धा लिहून झालेला असतो.

वेळ ठरली की मग वस्तूंकडे वळायचं. इथेही पहिला प्रश्न सुंदर काय आहे हा नाही. या वेळच्या उजेडात कोणती वस्तू काहीतरी करते, हा आहे.

जमिनीपासून सुरुवात करू. नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर ओततात, मागे साध्या सिमेंटचा थर भरतात, यंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरू देतात. वरचा रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं पायांनी घासली तरी नक्षी पुसली जात नाही, उलट तिला मऊ झळाळी येते. मुंबईत अशा लाद्या बनवणारी भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी 1922 साली सुरू झाली, आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या इमारतींच्या जिन्यांत, व्हरांड्यांत तिच्या लाद्या आजही आहेत. सकाळचं तिरपं ऊन या लाद्यांवरून घसरतं तेव्हा जिथे पावलं जास्त पडली तो पट्टा वेगळा चमकतो. दारापासून जिन्यापर्यंतची जुनी वाट उन्हात दिसते. दुपारी डोक्यावरच्या उजेडात ती दिसत नाही. ही गोष्ट मजकुरात यायला हवी, कारण ती फक्त या लॉबीची आणि फक्त या वेळेची आहे.

पण आधी खात्री करून घ्यायला हवी की लाद्या खरंच तशा आहेत. हल्ली जुन्या नक्षीची हुबेहूब छपाई केलेल्या सिरॅमिक लाद्या मिळतात, आणि डागडुजीत अर्धी जमीन त्यांनी बदललेली असू शकते. ओळखायला अवघड नाही. वाकून जवळून पाहिलं तर छापलेल्या लादीत रंगाचे बारीक ठिपके दिसतात आणि कपच्या उडालेल्या कडेला आतला पांढरा किंवा तांबूस गाभा दिसतो. सिमेंटच्या लादीत तुटलेल्या कडेलाही वरच्या थराचा रंग काही अंतर आत गेलेला असतो. अनवाणी पाय ठेवून पाहा, छापील लादी काचेसारखी गुळगुळीत लागते. शहरातल्या मोठ्या हॉटेलांत हाच प्रश्न संगमरवराबद्दल येतो. लादीवरच्या रेघांची तीच नक्षी चार-पाच लाद्यांनंतर पुन्हा आली तर तो छापील व्हिट्रिफाइड टाइल असण्याची शक्यता दाट. खऱ्या दगडात कोणतीही दोन पानं सारखी नसतात. शिवाय बारच्या काउंटरजवळ लिंबाच्या रसाने पडलेले मंद, बिनचमकीचे डाग असतील तर तो बहुधा संगमरवरच, कारण आम्ल त्याला खातं.

दुसरी वस्तू खिडक्या. काच महाग होती तेव्हा गोव्यात आणि कोकणपट्टीच्या काही भागांत खिडक्यांना एका चपट्या शिंपल्याची तावदानं बसवत. खाड्यांच्या चिखलात मिळणाऱ्या या शिंपल्याचे तळहातापेक्षा लहान चौकोन कापायचे आणि सागवानी पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक थोडे चढवून सरकवायचे. त्यांतून आरपार दिसत नाही, पण उजेड येतो. थेट ऊन पडलं तरी शिंपला त्याला फोडून पसरवतो, त्यामुळे खोलीत त्याची धारदार कड पडत नाही. आज या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे जुनी तावदानं टिकवून ठेवणं हेच हॉटेलचं काम उरतं.

लिहिताना या खिडक्यांचा मोठा उपयोग होतो. दारातून येणारं ऊन कडक आणि कडा असलेलं, खिडकीतून येणारा उजेड दुधाळ आणि बिनकडेचा. सकाळी साडेआठला हे दोन्ही उजेड एकाच खोलीत असतात. वाचकाला ‘शांत वातावरण’ असं सांगण्याची गरज राहत नाही. कडेच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचता येईल, डोळ्यांवर तिरीप येणार नाही, एवढं त्याला कळतं आणि शांतता त्यातून येते.

रात्री मात्र या खिडक्या उलट्या फिरतात. आत दिवे लागले की तावदानं आतून निस्तेज दिसतात आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला पिवळ्या मेणासारखी उजळलेली दिसतात. म्हणजे या हॉटेलला संध्याकाळ हवीच असेल तर ती लॉबीच्या आतल्या वर्णनात येऊ नये, रस्त्यावरून परतणाऱ्या पाहुण्याच्या नजरेतून यावी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. परदेशी माहितीपत्रकांत लांबलचक, निळसर, रेंगाळणारी संध्याकाळ असते आणि ती वाचून आपल्याकडचे लेखकही तशीच लिहितात. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यातला संधिप्रकाश खरोखर लांबतो. पणजी 15 अक्षांशाजवळ आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि मावळल्यावर 22-23 मिनिटांत दिव्याशिवाय वाचणं कठीण होतं. आपली संध्याकाळ झटकन संपते. ती तशीच लिहिली तर जास्त आपली वाटते.

दिव्यांचंही एक तपासून घ्यायचं. बल्बच्या खोक्यावर 2700K किंवा 6500K असा आकडा असतो. 2700 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे निळसर पांढरा. छायाचित्रकार फोटोपुरते पिवळे दिवे लावतो आणि निघून जातो. नंतर एखादा बल्ब गेला की जवळच्या दुकानातून मिळेल तो पांढरा आणून लावला जातो. त्या उजेडात लाल लादी जांभळट आणि सागवान राखाडी दिसतं. मजकुरात ‘उबदार दिवे’ लिहायचं असेल तर हॉटेलच्या स्टोअरमध्ये सुटे बल्ब कुठले ठेवले आहेत ते आधी विचारा. हे विचारणारा लेखक मालकाला विचित्र वाटतो, पण वर्षभराने मजकूर खरा राहतो तो यामुळेच.

तिसरी वस्तू जिना. लाकूड सागवान आहे की सागवानी पापुद्रा चिकटवलेलं प्लायवूड, हे पायरीच्या कडेला कळतं. पूर्ण लाकडात वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात आणि आडव्या छेदात वर्तुळांचे तुकडे दिसतात. पापुद्र्यात कडेला पट्टी लावलेली असते आणि रेषा तिथे तुटतात. या घरातला जिना जुना सागवानी आहे असं धरू. त्याच्या कठड्याबद्दल लिहिताना रंगापेक्षा स्पर्श मोलाचा, कारण रंग फोटोत आहेच.

फोटो आणि मजकूर यांच्यातली ही वाटणी फार कमी लोक पाळतात. फोटोत छत दिसतं, खुर्च्या दिसतात, रंग दिसतात. मजकुराने तेच पुन्हा सांगितलं तर साठातले चाळीस शब्द वाया गेले. फोटोला गारवा दाखवता येत नाही, आवाज ऐकवता येत नाही, वास आणि स्पर्श देता येत नाही. आणि फोटो मापाबद्दल सर्रास दिशाभूल करतो, कारण आतल्या जागेचे फोटो रुंद कोनाच्या भिंगाने काढतात आणि त्यात पंचवीस फुटांची खोली चाळीस फुटांची भासते. म्हणून माप मजकुराने द्यावं. ‘प्रशस्त’ म्हणण्यापेक्षा ‘दहा जण सहज बसतील’ असं म्हणावं. मोठ्या जागेलाही हाच नियम लागू आहे. जॉन पोर्टमन या वास्तुविशारदाने अटलांटातलं हॉटेल 1967 साली उघडलं तेव्हा त्याच्या लॉबीवरची पोकळी बावीस मजले उंच होती. ‘बावीस मजले’ या दोन शब्दांपुढे ‘भव्य’ला करण्यासारखं काही उरत नाही.

आता पाहुण्याची वेळ. हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, आणि मला स्वतःला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक हॉटेलांत खोली ताब्यात मिळते दुपारी दोनच्या सुमाराला. म्हणजे लॉबी पहिल्यांदा पाहणारा माणूस दोन ते चारच्या दरम्यान येतो. तो प्रवासाने शिणलेला असतो, हातात बॅगा असतात, सोबत कंटाळलेलं मूल असतं, आणि बाहेर कडक ऊन असतं. त्याला पहिलं काय मिळतं? सावली. उन्हातून आत आल्यावर डोळे स्थिरावेपर्यंत त्याला नीट दिसतही नाही. आधी जाणवतो तो गारवा, पायाखालची थंड लादी, मग हळूहळू जिना, मग खिडक्यांचा दुधाळ उजेड.

जांभ्याची जाड भिंत तापायला कित्येक तास घेते, म्हणून दुपारच्या सुरुवातीला खोली बाहेरच्यापेक्षा गार असते, आणि आपल्या घराची दर्शनी बाजू तर पाऊण वाजल्यापासूनच सावलीत गेलेली असते. पूर्वाभिमुख घराचा हा खरा लाभ आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात याच वेळी ऊन लॉबीत घुसत असतं आणि पडदे ओढावे लागतात. म्हणजे मालकाने जी दिशा उणी समजून खोट्या सूर्यास्ताने झाकायला पाहिली, तीच पाहुण्याच्या दृष्टीने मोठ्या सोयीची आहे.

वर्णनाचा क्रमही इथूनच ठरतो. पाहुण्याची पावलं जशी पडतात तसा मजकूर चालावा. श्रीलंकेत दांबुल्लाजवळ जेफ्री बावा यांनी बांधलेल्या कंदलामा हॉटेलात पाहुणा आधी कातळाला लागून, गुहेसारख्या वाटेने आत जातो आणि मग एकदम समोर तलाव उघडतो. त्या लॉबीचं वर्णन कुणी तलावापासून सुरू केलं तर वास्तुविशारदाने योजलेलं सगळं वाया जाईल. आपल्या पणजीच्या घरात एवढं नाट्य नाही, पण क्रम आहे: ऊन, उंबरा, अंधार, गारवा, जिना. तो मोडू नये.

एवढं सगळं हाती आल्यावर मजकूर दोन जागी लिहायचा. लॉबीच्या मोठ्या फोटोजवळ सकाळ, आणि ‘कसे पोहोचाल’ या पानाजवळ दुपार. सकाळचा मजकूर असा होईल:

‘जानेवारीतली सकाळ, साडेआठ. खाडीवरून आलेलं ऊन दारातून आत येतं आणि नक्षीच्या लाद्यांवरून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचतं. कित्येक वर्षांच्या पावलांनी घासलेली वाट त्यात उजळते. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना शिंपल्याची तावदानं आहेत, तिथल्या खुर्चीत बसलात तर डोळ्यांवर ऊन येत नाही. रस्त्यावरून पाववाल्याचा भोंगा ऐकू येतो. दहा वाजेपर्यंत ऊन दाराशी परततं, तोवर चहा इथेच मिळेल.’

आणि दुपारचा:

‘दोनच्या उन्हातून याल तेव्हा आधी काही दिसणार नाही. बॅगा खाली ठेवा. दर्शनी बाजूवर सावली आली आहे, भिंती जाड आहेत, लादी गार आहे. डोळे सरावतील तसा समोर जिना दिसेल. कोकम सरबत घेऊनच वर जा.’

दोन्हींत आलिशान नाही, वारसा नाही, कहाणी सांगणारा कोपरा नाही. प्रत्येक वाक्य पाहुण्याला तिथे उभं राहून तपासता येतं. पाववाल्याचा भोंगा गोव्यात आजही सकाळी ऐकू येतो, पण या रस्त्यावर येतो का, आणि साडेआठला येतो का, हे मी त्या खुर्चीत बसून ऐकल्याशिवाय छापायला देणार नाही. सरबत रोज असतं का, हे स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय ते वाक्यही नाही. आणि ‘जानेवारीतली’ हा शब्द मुद्दाम आहे. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो, ऊन दारातून दुसऱ्या भिंतीकडे वळतं, आणि मुळात ढगांमुळे ते दिसतच नाही. पावसाळ्यात या लॉबीत कौलांवरचा पावसाचा आवाज असतो, दारं ओढलेली असतात, हवेत ओल असते. पावसाळी पाहुण्यांसाठी वेगळं पत्रक काढणार असाल तर तो आवाज लिहा. पण कौलांखाली छत ठोकलं असेल, आणि हल्ली ते बहुधा ठोकलेलं असतं, तर आवाज बराच कमी येतो. तेही ऐकूनच लिहायचं.

राहिला ‘वारसा’ हा शब्द. तो मोकळेपणाने वापरण्याजोगा नाही. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेल म्हणवून घ्यायला वास्तू 1950 पूर्वीची असावी लागते आणि तिचं मूळ रूप राखलेलं असावं लागतं. वर्गवारी मिळालेली नसताना ‘हेरिटेज हॉटेल’ असं छापणं, छापील लादीला संगमरवर म्हणणं, प्लायवूडला सागवान म्हणणं हे ग्राहकाची दिशाभूल करणारं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहितीपत्रक ही जाहिरातच असते. घर कधीचं आहे हे कागदपत्रांवरून सांगता येत असेल तर साल द्यावं. सांगता येत नसेल तर चिरा, चुना आणि लाद्या यांचंच वर्णन करावं.

मजकूर छापून झाल्यावरही काम पुरतं संपत नाही. लॉबी बदलत राहते. वेताच्या खुर्च्या जाऊन सोफे येतात, दाराला काच बसते आणि ऊन तेच राहिलं तरी भोंगा ऐकू येईनासा होतो, समोर एखादी इमारत उभी राहते आणि साडेआठचं ऊन साडेनवावर जातं. म्हणून माझा हॉटेलवाल्यांना आग्रह असतो की दर मोसमाआधी, सप्टेंबरच्या अखेरीला, कुणीतरी माहितीपत्रक हातात घेऊन लॉबीत बसावं आणि एकेक वाक्य समोरच्या वस्तूशी ताडून पाहावं. जे जुळत नाही ते खोडावं.

कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांची छोटी हॉटेलं करणारे अनेकजण स्वतःच आपला मजकूर लिहितात. त्यांना माझं सांगणं एवढंच आहे: लिहायला बसण्याआधी एक पूर्ण दिवस स्वतःच्या लॉबीत पाहुण्याच्या खुर्चीत बसा, काउंटरच्या मागे नको, आणि सोबत घड्याळ व होकायंत्र ठेवा.